कार्यक्रमाचा हॅशटॅग ठरवताना: देवनागरी, रोमन आणि मधले खाचखळगे

कार्यक्रमाला आलेले लोक आपापल्या फोनवरून जे फोटो, व्हिडिओ आणि चार ओळी टाकतात, ते सगळं एका ठिकाणी सापडावं, एवढ्यासाठी हॅशटॅग असतो. ही कल्पना मुळात अशाच गरजेतून आली. २३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की गटांसाठी # हे चिन्ह वापरून बघू या, आणि उदाहरण म्हणून #barcamp लिहिलं. बारकॅम्प म्हणजे तंत्रज्ञानात रस असलेल्या लोकांचा खुला मेळावा.

मराठी कार्यक्रमाचा टॅग ठरवताना मात्र एक जास्तीची अडचण येते. आपण वाचतो देवनागरीत, पण फोनवर टाइप करताना आपल्यातले कितीतरी जण रोमन अक्षरं वापरतात. एकच नाव दोन लिप्यांतून जातं आणि प्रत्येक लिपीत ते वेगळ्या पद्धतीनं बिघडू शकतं. शिवाय कोणत्याही माध्यमाला #पुस्तक आणि #pustak हे एकच आहेत हे कळत नाही. त्याच्या लेखी ते दोन स्वतंत्र टॅग, दोन वेगळे ढीग.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, लहान मुलांसाठी एक दिवसाचा पुस्तकांचा कार्यक्रम आहे: मुलं पुस्तकं चाळतील, मोठ्यानं वाचतील, आपापसात अदलाबदल करतील. निमंत्रणपत्रिकेवरचं नाव 'बालवाचन मेळा'. याचा टॅग काय ठेवायचा?

आधी पाच-सहा नावं लिहून काढा

पहिलं सुचलेलं नाव हेच अंतिम, असं धरून बसू नका. टॅगमध्ये कार्यक्रमाचं पूर्ण नाव यायलाच हवं असंही नाही. त्यातला एखादा शब्द, त्यामागची कल्पना, मुलांच्या तोंडी बसेल असं काहीतरी, सगळं चालतं. आपण चार नावं घेऊ: बालमेळा, वाचनोत्सव, गोष्टघर आणि पुस्तकदोस्ती. चारही देवनागरीत वाचायला छान वाटतात. म्हणूनच चाळणी रोमनपासून सुरू करायची.

रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत लिहून बघा

प्रत्येक नाव रोमनमध्ये, एकही मोठं अक्षर न वापरता, जोडून लिहा. लोक टाइप करताना मोठी अक्षरं वापरतीलच याची खात्री नसते, आणि टॅगला त्यानं फरकही पडत नाही: #BalMela आणि #balmela एकच.

आता हे balmela कोऱ्या नजरेनं वाचा. रोमनमध्ये 'ळ' आणि 'ल' दोन्ही l नं लिहिले जातात. त्यामुळे 'मेळा' आणि 'मेला' यांत काहीच फरक उरत नाही, आणि bal म्हणजे 'बाल' की 'बाळ' हेही सांगता येत नाही. मराठी माणूस हे 'बाळ मेला' असं वाचू शकतो. मुलांच्या आनंदाच्या दिवशी भिंतीभर असा टॅग झळकणं ही कुणाला चालेल अशी गोष्ट नाही. कार्यक्रमाचं नाव माहीत असलेल्या आयोजकांना हे दिसत नाही, कारण त्यांचे डोळे आपोआप 'मेळा' वाचतात. म्हणून हे नाव बाद. 'मेळा' हा शब्द टॅगमध्ये रोमन लिपीत जाणार असेल, तर त्याच्या आधी कोणता शब्द येतो याकडे नेहमी नीट बघा. 'मेळावा' घेतलात तर ही भीती बरीच कमी होते.

गोष्टघर झालं goshtghar. मराठीत काहीच वावगं नाही. पण हिंदी वाचणारा gosht पाहून 'गोश्त', म्हणजे मांस वाचेल. 'गोष्ट' ऐवजी 'गोष्टी' घेतलं तर goshti होतं आणि हा अर्थ मागे पडतो. पण 'गोष्टीघर' कानाला तितकंसं बरं वाटत नाही. मी हेही नाव सोडून देईन.

रोमनमध्ये तिसरा धोका इंग्रजी शब्दांचा. 'सुरक्षित' रोमनमध्ये surakshit होतं, 'प्रशिक्षित' prashikshit होतं, आणि दोन्हींची शेवटची चार अक्षरं म्हणजे इंग्रजीतली शिवी. मराठी वाचकाला ती खटकणार नाही, पण शब्द गाळणाऱ्या यंत्रणांना खटकू शकते. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी नावात मधोमध एक अपशब्द दडलेला होता आणि गाळणी तेवढाच तुकडा बघत होती. तुमच्या कार्यक्रमात पोस्ट आपोआप पडद्यावर दाखवणारी सोशल वॉल असेल, आणि तिला अशीच गाळणी लावलेली असेल, तर तुमचाच टॅग अडकून बसेल.

शब्द जोडले की ते नको तिथे तुटतात, हा चौथा धोका. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांचं निधन झालं तेव्हा #nowthatchersdead हा टॅग फिरला. लिहिणाऱ्यांना now thatchers dead म्हणायचं होतं. काहींनी ते now that chers dead असं वाचलं आणि गायिका शेर गेली असं समजून हळहळ सुरू केली. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं असतं तर हा घोळ टळला असता. म्हणून छापताना नेहमी #PustakDosti असंच छापा. दृष्टिहीन वाचकांच्या फोनवर मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही त्यामुळे शब्द वेगवेगळे उच्चारता येतात.

स्पेलिंग किती प्रकारे होतं ते मोजा

वाचनोत्सव हे नाव अर्थानं अगदी निर्दोष आहे. पण ते लोक कसं टाइप करतील? 'वा' मधला व कुणी v नं लिहील, कुणी w नं. 'आ' कुणी एका a नं, कुणी दोन. शेवटचा व पुन्हा v किंवा w. म्हणजे आठ स्पेलिंग झाली. शिवाय संधी सोडवून vachanutsav लिहिणारे धरले की सोळा. पोस्ट इतक्या ठिकाणी विखुरल्या की टॅग असून नसल्यासारखाच.

मराठीत ही ओढाताण काही ठरावीक अक्षरांवर होते. व, आ, ई, ऊ, छ, ज्ञ आणि ऋ ही त्यांतली मुख्य. 'ज्ञान' कुणी dnyan लिहितं, कुणी gyan. 'कृती' कुणी kruti, तर कुणी kriti. नावात अशी अक्षरं जितकी कमी, तितका टॅग टिकाऊ.

आता पुस्तकदोस्ती बघा. pustak जवळपास सगळे असंच लिहितात. dosti सुद्धा. एखादा dostee लिहील, पण तो विरळाच. नुसतं एवढ्या कसोटीवर हे नाव बाकी तिघांच्या खूप पुढे जातं.

तुमचे लोक कसं लिहितात हे ओळखायची एक सोपी रीत आहे. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे, त्यांना फोनवर नाव ऐकवा आणि तुम्हाला टाइप करून पाठवायला सांगा. कागदावर दाखवू नका, फक्त ऐकवा. पाच-सहा जणांनी एकच स्पेलिंग पाठवलं तर नाव पक्कं. तीन वेगवेगळी आली तर ते नाव सोडा.

आता देवनागरीची चाळणी

देवनागरीत मोठी अक्षरं नसतात, त्यामुळे जोडून लिहिलेले शब्द कुठे सुटतात हे वाचकाला अंदाजानं ठरवावं लागतं. शाळेत शिकलेला सभंग श्लेष इथे आपोआप घडतो. गाण्याच्या कार्यक्रमाला #सुरानंद ठेवलं तर कुणी त्यात सूर वाचेल आणि कुणी सुरा. त्यापेक्षा #स्वरानंद बरा, त्यात मद्याचा वास नाही. #कलाकारखाना हे 'कला कारखाना' आहे की 'कलाकार खाना', हेही वाचणाऱ्यावर अवलंबून. हा दुसरा घोळ निरुपद्रवी आहे, पण वाचताना माणूस अडखळतो.

मग मध्ये अंडरस्कोर घालावा का? #पुस्तक_दोस्ती चालतो, वाचायलाही सोपा आहे. तरी मी टाळायला सांगेन. फोनच्या कीबोर्डवर ते चिन्ह दोन-तीन टप्पे आत असतं, लोक ते गाळतात, आणि अंडरस्कोर असलेला व नसलेला हे दोन वेगळे टॅग धरले जातात. जागा सोडणं किंवा आडवी रेघ तर चालतच नाही, टॅग तिथेच संपतो.

देवनागरीतला खरा सापळा डोळ्यांना दिसत नाही. काही अक्षरं पडद्यावर अगदी सारखी दिसतात, पण आत वेगळ्या संकेतांनी साठवलेली असतात. 'ॲप' मधला ॲ घ्या:

```
ॲ  = U+0972
अॅ = U+0905 U+0945
```

पहिल्यात एकच अक्षर आहे, दुसऱ्यात 'अ' वर वेगळी चंद्रकोर ठेवली आहे. काही कीबोर्ड पहिलं देतात, काही दुसरं. तुम्ही एक वापरलात आणि पाहुण्यानं दुसरं, तर दोन्ही टॅग हुबेहूब दिसतील आणि तरी एकमेकांच्या पोस्ट दाखवतीलच असं नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या ऱ्य मधल्या अर्ध्या र चंही तेच. तो खालच्या ठिपक्याच्या ऱ नं लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा एक जोडक घालूनही लिहिता येतो. हा न दिसणारा जोडक काही ठिकाणी टॅग मध्येच तोडतो. तेव्हा ॲ आणि ऱ्य असलेले शब्द टॅगमध्ये घेऊच नका.

ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष द्या. 'कविसंमेलन' हे शुद्ध रूप आहे, पण 'कवीसंमेलन' लिहिणारे भरपूर भेटतात. शुद्धलेखनाचा आग्रह मला मनापासून मान्य आहे, आणि पत्रिकेवर शुद्धच छापा. पण ज्या शब्दाच्या शुद्ध रूपाबद्दल लोक अडखळतात, तो टॅगसाठी निवडू नका. पुस्तकदोस्ती इथेही बऱ्यापैकी सुरक्षित आहे. शेवटचा 'ती' ऱ्हस्व करणारे थोडेच. दोन्ही जोडाक्षरं 'स्त' आहेत, ती प्रत्येक कीबोर्डवर सारखीच उमटतात.

प्रत्यय चिकटला की टॅग बदलतो

हा मुद्दा मराठीतच फार जाणवतो आणि बहुतेकांच्या लक्षात कार्यक्रम संपल्यावर येतो. आपण शब्दाला विभक्तीचे प्रत्यय जोडून लिहितो. उत्साहानं कुणीतरी लिहितं, 'आज #पुस्तकदोस्तीला गेलो', दुसरं कुणी '#पुस्तकदोस्तीत खूप मजा आली'. हे दोन्ही नवे टॅग झाले. तुमच्या ढिगात ते येणार नाहीत. रोमन टॅगला देवनागरी 'ला' चिकटवला तरी तेच होतं.

'मेळा', 'कट्टा', 'सोहळा' अशा आकारान्त नावांत आणखी एक भर पडते, कारण प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो: मेळ्याला, कट्ट्यावर, सोहळ्यात. मग शोधणाऱ्यानं टॅगची सुरुवातीची अक्षरं टाकली तरी जुळत नाही. 'दोस्ती' सारख्या शब्दाचं रूप प्रत्यय लागतानाही तसंच राहतं, त्यामुळे निदान शोधताना ते हाताला लागतं.

उपाय दोन. टॅग वाक्याच्या शेवटी, मोकळी जागा सोडून लिहावा, हे तुमच्या स्वतःच्या पोस्टमधून दाखवून द्या. लोक आयोजकांचं बघून लिहितात. आणि सूचनाफलकावर नुसता टॅग छापण्याऐवजी एक तयार वाक्य छापा: 'आज मी वाचलेलं पुस्तक… #पुस्तकदोस्ती'. ज्याला काय लिहावं सुचत नाही, तो ते जसंच्या तसं उचलतो. टॅगच्या आधीही जागा हवी, अक्षराला लागून आलेलं # बऱ्याचदा टॅग म्हणून धरलं जात नाही.

कुणी आधीच वापरतंय का

टॅग कुणाच्या मालकीचा नसतो, तो राखूनही ठेवता येत नाही. त्यामुळे शोध घ्यावा लागतो, आणि तो दोन्ही लिप्यांत. एक्स, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांपैकी तुमचे लोक जिथे असतात तिथे # लावून शोधा. एक्सवर ताज्या पोस्टचा विभाग उघडा, गाजलेल्या पोस्टचा नको.

किती पोस्ट सापडल्या यापेक्षा त्या कधीच्या आणि कुणाच्या आहेत हे जास्त महत्त्वाचं. balmela शोधलं तर शाळाशाळांमधल्या बालमेळाव्यांची गर्दी दिसेल, कारण 'बाल मेला' हा हिंदीत सर्रास वापरला जाणारा शब्द आहे. त्यात तुमची मुलं हरवून जातील. pustakdosti शोधल्यावर समजा थोड्या जुन्या, सुट्या पोस्ट मिळाल्या, तर नाव टाकून द्यायची गरज नाही. त्याला वर्ष जोडा: #PustakDosti26. पण त्या नावानं सध्या दुसऱ्या कुणाचा उपक्रम चालू असेल, किंवा त्या पोस्ट तुमच्या मुलांना दाखवण्यासारख्या नसतील, तर दुसरं नाव शोधा. तुमच्या टॅगचं जे चुकीचं स्पेलिंग होण्याची शक्यता आहे, तेही शोधून बघा. चुकलेला पाहुणा तिथेच पोहोचणार असतो.

वर्ष जोडताना आकडे कोणते हे ठरवा. २६ आणि 26 ही वेगळी अक्षरं आहेत आणि त्यांचे टॅगही वेगळे होऊ शकतात. मी दोन्ही लिप्यांतल्या टॅगला 26 हेच जोडेन: #पुस्तकदोस्ती26. दिसायला थोडं विजोड आहे खरं, पण निम्मे लोक एक आणि निम्मे दुसरं लिहितील त्यापेक्षा परवडलं. नुसत्या आकड्यांचा टॅग बहुतेक ठिकाणी जोडलाच जात नाही, त्यामुळे अक्षरं हवीतच. आणि तीन-चार अक्षरी लघुरूपाच्या मोहात पडू नका, ती जगात कुणी ना कुणी आधीच वापरत असतं.

अनोळखी माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या

आतापर्यंतची तपासणी तुमच्याच डोळ्यांनी झाली. आता टॅग छोट्या रोमन अक्षरांत आणि देवनागरीत, असा दोनदा कागदावर लिहा आणि कार्यक्रमाबद्दल काहीच माहीत नसलेल्या चार जणांना मोठ्यानं वाचायला द्या. त्यांत एक कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी असावी, कारण नवी बोलीभाषा आणि तिच्यातले छुपे अर्थ त्यांनाच ठाऊक असतात. एकजण हिंदी वाचणारा हवा. 'शिक्षा' या शब्दाचं उदाहरण घ्या: हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. तिसरा मुख्यतः इंग्रजीत वावरणारा, आणि चौथा घरातला ज्येष्ठ.

वाचताना कोण कुठे थांबतं, कोण हसतं, कोण दोनदा बघतं याकडे लक्ष ठेवा. 'काही वाईट वाटतं का?' असं विचारू नका, लोक भिडेखातर नाही म्हणतात. 'हे कशाबद्दल असेल?' एवढंच विचारा. पुस्तकं आणि मुलं किंवा मित्र असं काही उत्तर आलं तर काम झालं.

एक मुख्य, एक जोडीला

शेवटी दोन्ही लिप्यांतले टॅग हातात आहेत, पण फलकावर मोठ्या अक्षरांत एकच छापा. कोणता, हे तुमचे लोक एकमेकांना निरोप कोणत्या लिपीत पाठवतात त्यावर ठरवा. गटातल्या गेल्या आठवड्याच्या गप्पा वर-खाली केल्या की उत्तर मिळतं. पालक रोमनमध्ये लिहीत असतील तर #PustakDosti26 मुख्य, आणि खाली लहान अक्षरांत देवनागरी. आयोजकांच्या प्रत्येक पोस्टमध्ये मात्र दोन्ही असू द्या, म्हणजे कुठूनही आलेला माणूस दुसऱ्या ढिगापर्यंत पोहोचतो.

छपाईला देण्याआधी दोन वेगवेगळ्या फोनवर, दोन वेगवेगळ्या कीबोर्डनं टॅग टाइप करून पोस्ट करा. पूर्ण टॅगचा रंग बदलला पाहिजे. एकावर टिचकी मारल्यावर दुसरी पोस्ट दिसली पाहिजे. सोशल वॉल लावणार असाल तर तिथेही देवनागरी टॅग घालून बघाच. काही साधनं फक्त मूळ अक्षरं मोजतात आणि काना-मात्रा-उकार आला की थांबतात. मग #पुस्तकदोस्ती चं तिथे नुसतं #प उरतं, आणि वॉल रिकामी राहते. असं झालं तर ती वॉल रोमन टॅगवर चालवा. पडद्यावर जाण्याआधी प्रत्येक पोस्ट बघायला एक माणूस नेमा, कारण टॅग खुला आहे आणि त्यात कुणीही काहीही टाकू शकतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत एखादं चुकीचं स्पेलिंग जोरात चालू झालेलं दिसलं, तर त्याच्याशी भांडू नका. आयोजकांच्या पुढच्या पोस्टमध्ये तो टॅगही तिसरा म्हणून जोडा. आणि दुसऱ्या दिवशी फोटो गोळा करायला बसाल तेव्हा मुख्य टॅग, देवनागरी टॅग, वर्ष नसलेला टॅग आणि 'ला', 'त', 'मध्ये' चिकटलेली रूपं, ही सगळी एकेक करून शोधा.